दारात एकच पायरी आहे

कोकणातल्या एका घरगुती निवासाला, म्हणजे आजच्या बोलीत होमस्टेला, गूगलवर आलेला एक अभिप्राय आधी पूर्ण वाचू या. तो मी या लेखासाठी रचला आहे. खऱ्या बाईंचं खरं लिखाण त्यांना न विचारता इथे छापलं असतं, तर पुढे जे सांगणार आहे त्याला काही अर्थ उरला नसता. पण अशा घरांना येणारे लांबलचक अभिप्राय साधारण असेच असतात.

"मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पाच जण इथे तीन रात्री राहिलो. सासूबाई ७८ वर्षांच्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे निघण्याआधी माझी धाकधूक होती. फोटोत काय, सगळं छानच दिसतं. शेवटचा दीड किलोमीटर रस्ता कच्चा आहे, आमची छोटी गाडी दोनदा खालून घासली. पण इथे खोली तळमजल्यावर आहे, दारात एकच पायरी आहे आणि कमोडशेजारी धरायला दांडी आहे, त्यामुळे घरात आणि अंगणात त्या तिन्ही दिवस कुणाचा हात न धरता वावरल्या. त्यांना तिखट चालत नाही हे काकूंनी पहिल्याच जेवणात ओळखलं आणि दुसऱ्या दिवसापासून मऊ भात आणि बिनतिखटाची आमटी वेगळी ठेवली, न सांगता. मासे ताजे, सोलकढी अप्रतिम. गरम पाणी सकाळी बंबाचं मिळतं, संध्याकाळी हवं तर सांगून ठेवावं लागतं. मोबाइलला रेंज फक्त अंगणात. मुलांना ते आवडलं नाही, मला आवडलं. समुद्र चालत पंधरा मिनिटं आहे, पण वाट चढउताराची, सासूबाई येऊ शकल्या नाहीत. दर थोडे जास्त वाटले. पण पुढच्या वर्षी परत येणार."

आता असं धरा की हे घर चालवणाऱ्या काकूंच्या मुलाला यातून फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप स्टेटससाठी एक छोटी पोस्ट करायची आहे. एवढा मजकूर फोनवर कुणी वाचणार नाही, हे त्याचं म्हणणं बरोबरच आहे. तो पंधरा मिनिटांत हे तयार करतो:

"अप्रतिम! सासूबाई ७८ वर्षांच्या… तिन्ही दिवस कुणाचा हात न धरता वावरल्या… समुद्र चालत पंधरा मिनिटं… पुढच्या वर्षी परत येणार."

यातला एकही शब्द त्याच्या पदरचा नाही. प्रत्येक शब्द बाईंनीच लिहिलेला आहे. तरीही ही पोस्ट खोटी आहे. 'अप्रतिम' हे सोलकढीबद्दल होतं, घराबद्दल नव्हे. 'घरात आणि अंगणात' हे तीन शब्द गळल्यावर सासूबाई सगळीकडे एकट्या हिंडल्या असं वाटू लागलं, आणि त्याला लागूनच समुद्राचं वाक्य आल्यावर त्या समुद्रावरही गेल्या असं चित्र उभं राहिलं. प्रत्यक्षात त्या समुद्र न पाहता परतल्या. ही पोस्ट वाचून उद्या कुणी आपल्या वडिलांना घेऊन येईल, आणि ते तीन दिवस अंगणात बसून राहतील.

मी हे जरा कळवळून लिहितो आहे, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका ठिकाणच्या 'आजी-आजोबांसह आलो, खूप मजा आली' या पोस्टवर विसंबून मी आईला घेऊन गेलो होतो. खोली वरच्या मजल्यावर होती, जिन्याला कठडा नव्हता. मालकांना विचारलं तेव्हा त्यांनी तो अभिप्राय मला पूर्ण दाखवला. त्यात पुढचंच वाक्य होतं, 'फक्त जिना जपून चढावा लागतो.' लिहिणाऱ्याने सांगितलं होतं. पोस्ट करणाऱ्याने ते कापलं होतं.

म्हणून अभिप्राय छोटा करताना पहिला प्रश्न 'यातलं कौतुक कुठे आहे?' हा नसतो. प्रश्न असा असतो की लिहिणाऱ्या माणसाला येण्याआधी कसली काळजी होती, आणि तिचं पुढे काय झालं. आपल्या उदाहरणात बाईंनी ते स्वतःच सांगितलं आहे: 'निघण्याआधी माझी धाकधूक होती.' धाकधूक सासूबाईंच्या गुडघ्यांची होती. ती कशाने मिटली, तर तळमजल्यावरची खोली, एकच पायरी आणि कमोडशेजारची दांडी यांनी. पोस्टचा गाभा हाच. कारण हीच धाकधूक असलेली शेकडो माणसं सुट्टीच्या आधी फोन हातात घेऊन बसलेली असतात, आणि 'दांडी आहे' या दोन शब्दांनी त्यांचा जेवढा विश्वास बसतो तेवढा 'अविस्मरणीय अनुभव' या दोन शब्दांनी बसत नाही. अविस्मरणीय अनुभव कुणीही लिहू शकतं. कमोडशेजारी दांडी आहे हे तिथे राहून आलेल्या माणसालाच माहीत असतं.

गाभा ठरला की बाकीचा मजकूर बाजूला काढणं सोपं होतं. मासे, सोलकढी, रेंज, बंबाचं पाणी, कच्चा रस्ता हे सगळं या पोस्टसाठी नको. त्यातल्या आमटी-भाताच्या वाक्याची वेगळी पोस्ट होईल, आणि ती सुंदर होईल. एका अभिप्रायातून एका वेळी एकच गोष्ट घ्यावी. दोन घेतल्या की दोन्ही अर्ध्या होतात आणि वाचणाऱ्याच्या मनात एकही राहत नाही.

आता तक्रारींचं काय करायचं? सगळ्या तक्रारी ठेवल्या तर पोस्ट पुन्हा लांब होते. सगळ्या काढल्या तर मघासारखी फसवी होते. मला यावर एकच कसोटी उपयोगी वाटत आली आहे. ज्या गोष्टीचं कौतुक ठेवाल, त्याच गोष्टीची मर्यादा लिहिणाऱ्याने सांगितली असेल तर ती कापायची नाही. आपली पोस्ट म्हाताऱ्या माणसाला वावरता येतं याबद्दल आहे. रेंज नसणं त्या विषयातलं नाही, ते काढलं तर कुणाची फसवणूक होत नाही. गाडी खालून घासणं हेही गाडीचं गाऱ्हाणं आहे. पण समुद्राची वाट चढउताराची असणं आणि सासूबाईंना तिथे जाता न येणं हे थेट त्याच विषयातलं आहे. ते राहिलंच पाहिजे. सोलकढीची पोस्ट असती तर समुद्राचं वाक्य बिनदिक्कत काढता आलं असतं.

या कसोटीने आपली पोस्ट अशी होते:

"सासूबाई ७८ वर्षांच्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे निघण्याआधी माझी धाकधूक होती. … पण इथे खोली तळमजल्यावर आहे, दारात एकच पायरी आहे आणि कमोडशेजारी धरायला दांडी आहे, त्यामुळे घरात आणि अंगणात त्या तिन्ही दिवस कुणाचा हात न धरता वावरल्या. … समुद्र चालत पंधरा मिनिटं आहे, पण वाट चढउताराची, सासूबाई येऊ शकल्या नाहीत."

पन्नासच्या आसपास शब्द आहेत. वाक्यं बाईंचीच आहेत, त्यांनी लिहिली त्याच क्रमाने आहेत, आणि जिथे काही गाळलं तिथे तीन टिंबं आहेत. क्रम बदलण्याचा मोह फार होतो, कारण शेवटचं गोड वाक्य सुरुवातीला आणलं की पोस्ट चुरचुरीत दिसते. पण वाक्यांचा क्रम बदलला की कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होऊ शकते, आणि ती आपल्या लक्षातही येत नाही.

'पण' या शब्दावर विशेष नजर ठेवा. मराठी माणूस आपलं खरं मत पुष्कळदा 'पण'च्या पुढे ठेवतो. 'दर थोडे जास्त वाटले. पण पुढच्या वर्षी परत येणार.' यातला पहिला भाग कापून 'पुढच्या वर्षी परत येणार' एवढंच वापरावं असं जवळजवळ प्रत्येक व्यावसायिकाला वाटतं. माझ्या मते ही दोन वाक्यं जोडीनेच वापरावीत. पैसे जास्त वाटूनही माणूस परत येणार म्हणतो, यापेक्षा मोठी शिफारस कुठली? आणि दर जास्त आहेत हे चौकशीचा फोन केल्यावर कळणारच आहे.

किरकोळ दुरुस्ती करायला हरकत नाही. ऱ्हस्व-दीर्घ, राहून गेलेला पूर्णविराम, चुकून दोनदा पडलेला शब्द सुधारावा. बोलीतला शब्द मात्र सुधारू नये. 'धाकधूक'चं 'चिंता' केलं आणि 'वावरल्या'चं 'सहजपणे फिरू शकल्या' केलं, तर मजकूर कुणा बाईचा न राहता माहितीपत्रकाचा होतो, आणि वाचणाऱ्याच्या कानाला तो बदल लगेच कळतो. एकाच व्यवसायाच्या दहा पोस्टमध्ये दहा ग्राहक एकाच सुरात, एकाच लांबीच्या वाक्यांत बोलू लागले की समजावं, लिहिणारा हात एकच आहे. अभिप्राय इंग्रजीत किंवा हिंदीत आला असेल तर अनुवाद करावा, पण 'मूळ इंग्रजीवरून' असं खाली लिहावं. अनुवादात विशेषणं नकळत फुगतात. इंग्रजीतलं 'नाइस' मराठीत येताना 'अप्रतिम' होऊन बसतं.

आता परवानगी. 'गूगलवर तर सगळ्यांना दिसतंच आहे, मग विचारायचं कशाला?' हा प्रश्न हमखास येतो. बाईंनी ते पुढच्या प्रवाशांना उपयोगी पडावं म्हणून लिहिलं. तुमच्या जाहिरातीत आपलं नाव यावं म्हणून नव्हे. शब्द त्यांचे आहेत, आणि तुम्ही त्यातले निम्म्याहून अधिक कापले आहेत. उरलेला भाग आपलं म्हणणं नीट सांगतो की नाही, हे ठरवायचा अधिकार त्यांचाच. म्हणून परवानगी आधी नुसती 'तुमचा रिव्ह्यू वापरू का?' अशी मागून उपयोग नाही. आधी छोटा मजकूर तयार करावा आणि तो दाखवून विचारावं. निरोप साधा असू द्या:

"नमस्कार ताई. मे महिन्यात तुम्ही आमच्याकडे राहून गेलात आणि गूगलवर इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. त्यातला खालचा भाग आम्हाला आमच्या फेसबुक आणि इन्स्टाग्राम पानावर आणि व्हॉट्सअॅप स्टेटसवर टाकायचा आहे. शब्द तुमचेच आहेत, मधला काही भाग गाळला आहे. तुमचं म्हणणं कुठे बदललं असं वाटलं तर जरूर सांगा. नाव कसं लिहू: पूर्ण, फक्त पहिलं, की नावच नको? तुमचा किंवा घरच्यांचा फोटो वापरणार नाही. नको वाटलं तर तसं कळवा, काहीही वाटून घेणार नाही. नंतर कधी काढून टाकावंसं वाटलं तरी सांगा, लगेच काढू."

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात संमती कशी असावी याचं वर्णन आहे: मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कारणासाठी, पूर्ण कल्पना असताना, बिनशर्त, स्पष्ट, आणि दिली तितक्याच सहज मागे घेता येणारी. वरच्या निरोपात हे सगळं घरगुती भाषेत येतं. कुठे छापणार ते सांगितलं आहे, म्हणून उद्या हाच मजकूर गावाबाहेरच्या फलकावर लावायचा झाला तर पुन्हा विचारावं लागेल. बदल्यात सवलत देऊ केलेली नाही. आणि हे सामान गाडीत भरताना समोरासमोर विचारलेलं नाही, कारण तीन दिवस ज्यांच्या हातचं जेवलो त्या काकूंना तोंडावर 'नाही' म्हणणं कुणालाच जमत नाही. घरी पोहोचल्यावर आठवड्याभराने निरोप पाठवावा. उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करावी. त्यानंतरही उत्तर नसेल तर ते 'नाही' समजावं. निळ्या खुणा दिसल्या म्हणजे संमती मिळाली, असं होत नाही.

आपल्या उदाहरणात बाईंचं उत्तर येतं: "मजकूर छान झालाय. पण आईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या ऑपरेशनचं नको, वय राहू दे. माझं फक्त पहिलं नाव आणि कोथरूड लिहा."

हा मुद्दा पोस्ट करणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. अभिप्राय सुनेने लिहिला, परवानगी सुनेने दिली, पण दुखणं सासूबाईंचं होतं. मजकुरात तिसऱ्या माणसाचं आजारपण, पगार, घरातली अडचण किंवा लहान मुलाचं नाव आलं असेल, तर आपण होऊनच विचारावं: 'सासूबाईंची हरकत नाही ना?' ते विचारायचं निरोपात राहून गेलं होतं. इथे सुनेने समजूतदारपणा दाखवला म्हणून निभावलं. बदललेला मजकूर असा:

"सासूबाई ७८ वर्षांच्या … त्यामुळे निघण्याआधी माझी धाकधूक होती. …"

पुढचं तसंच. वाचणाऱ्याचं काहीच बिघडलं नाही. ७८ या आकड्यात सगळं आलं. हा बदललेला मजकूरही पाठवून 'ठीक आहे' असं उत्तर घ्यावं, आणि दोन्ही निरोपांचा स्क्रीनशॉट तारखेसह एका फोल्डरमध्ये ठेवावा. फोन बदलला की व्हॉट्सअॅपवरची जुनी बोलणी जाऊ शकतात.

मजकुराखाली नाव, ठिकाण, मुक्कामाचा महिना आणि वर्ष, आणि 'गूगलवरील अभिप्रायातून' एवढी एक ओळ यावी. कुणालाही मूळ अभिप्राय शोधून पडताळता यावा, हा तिचा हेतू. मुक्काम कधीचा हे लिहिणं व्यवसायाला कधीकधी अडचणीचं वाटतं, कारण अभिप्राय जुना दिसतो. पण जुना असेल तर तो जुना दिसायलाच हवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि त्यांतल्या शिफारशी यांबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. शिफारस करणाऱ्याचं मत प्रामाणिक आणि सध्याचं असावं, आणि व्यवसायाशी त्याचा काही लागाबांधा असेल तर तो उघड करावा, असं त्यांत सांगितलं आहे. म्हणजे ताई जर काकूंच्या मावसबहिणीची सून असतील, किंवा तिसरी रात्र त्यांना फुकट दिली असेल, तर ते पोस्टमध्ये लिहावं लागेल. तसं लिहून पोस्ट विचित्र दिसत असेल तर त्या अभिप्रायाची पोस्ट करूच नये, दुसरा घ्यावा.

पोस्टच्या चित्रावर पन्नास शब्द बसवायचा अट्टहास नको. चित्रावर एकच वाक्य मोठ्या अक्षरांत येऊ द्या: 'दारात एकच पायरी आहे आणि कमोडशेजारी धरायला दांडी आहे.' बाकी मजकूर खाली, मथळ्याच्या जागी. फोनवर मथळ्याच्या पहिल्या एक-दोन ओळीच उघड्या दिसतात, बाकीचं दाबल्यावर उघडतं, म्हणून ७८ वर्षांच्या सासूबाई पहिल्या ओळीत असाव्यात आणि 'आमच्या लाडक्या पाहुण्यांनी दिलेला हा सुंदर अभिप्राय' ही प्रस्तावना तिथे नसावी. फोटो त्या पायरीचा आणि त्या दांडीचा काढा, दिवसाउजेडी. सूर्यास्ताचा फोटो सगळ्यांकडे असतो.

मालकाला स्वतःचं काही सांगायचं असेल तर अवतरणचिन्हं संपल्यावर, वेगळ्या ओळीत, स्वतःच्या नावाने सांगावं. 'समुद्रापर्यंतची वाट चढणीचीच आहे. मोठ्यांना न्यायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा, रिक्षा बोलावून ठेवू.' रिक्षा खरोखर मिळत असेल तरच हे लिहावं. ग्राहकाने सांगितलेली उणीव आणि तिच्याखाली मालकाने काढलेली वाट, या दोन ओळी शेजारी वाचल्या की माणूस फोन उचलतो.

या सगळ्याला एक मोठी मर्यादाही आहे. एका सासूबाईंना जमलं म्हणजे प्रत्येकाला जमेल असं होत नाही, आणि पोस्टने तसं भासवू नये. निवासाच्या बाबतीत यातून फार तर एखाद्याची गैरसोय होईल. पण 'या तेलाने माझी गुडघेदुखी गेली', 'या चूर्णाने साखर उतरली', 'या योजनेत पैसे दुप्पट झाले' अशा अभिप्रायांना वरची रीत लावू नका. ते कितीही खरे असोत, परवानगी कितीही स्पष्ट असो. तिथे एका माणसाचा अनुभव पुराव्याच्या जागी बसतो आणि वाचणारा औषध सोडून बसू शकतो. आजार बरा करण्याच्या जाहिरातींवर १९५४ पासून वेगळा कायदा आहे, तो याचसाठी. अशा ग्राहकाचे आभार मानावेत आणि विषय तिथेच थांबवावा. त्याने माल वेळेवर पोहोचल्याचं किंवा बाटलीचं झाकण गळत नसल्याचं लिहिलं असेल, तर तेवढं घ्यावं.

पोस्ट टाकण्याआधी एक शेवटची तपासणी करा. मूळ अभिप्राय न वाचलेल्या घरातल्या कुणाला तरी ती वाचायला द्या आणि विचारा, 'यावरून तुला या जागेबद्दल काय काय वाटलं?' मग त्या माणसाला मूळ अभिप्राय पूर्ण वाचू द्या. वाचून झाल्यावर तो 'अरे, असं आहे होय!' म्हणाला, तर कापताना काहीतरी चुकलं आहे. नुसती मान हलवली तर पोस्ट टाका.

आणि वर्षातून एकदा, हंगाम सुरू होण्याआधी, आपल्या पानावरच्या जुन्या पोस्ट उघडून पाहा. तळमजल्यावरची ती खोली आता कोठीघर झाली असेल, दांडी सैल होऊन निघाली असेल, किंवा ताईंनी 'आता काढून टाका' असं कळवलं असेल, तर ती पोस्ट त्याच दिवशी उतरवा.